डोकेदुखीचा एमआरआय आणि त्यातले ‘पांढरे ठिपके’: रिपोर्ट कसा वाचावा

मी रेडिओलॉजिस्ट आहे. मेंदूच्या एमआरआयचे रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यांतलं एक वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की हात आपोआप चालतो, आणि तेच वाक्य वाचून माणसं रात्र रात्र जागतात हेही मला माहीत आहे. त्यात ‘इस्केमिक’ हा शब्द असतो, ‘डिमायलिनेशन’ असतो. इंटरनेटवर शोधलं की पहिल्यातून पक्षाघात निघतो आणि दुसऱ्यातून मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण खराब करणारा आजार. डोकं दुखतं म्हणून तपासणी केलेली असते आणि हातात हे येतं.

समजा, ४६ वर्षांच्या एका बाईंच्या रिपोर्टमध्ये असं लिहिलंय:

‘फ्यू टायनी डिस्क्रीट टी२/फ्लेअर हायपरइंटेन्स फोसाय इन बायलॅटरल फ्रंटल सबकॉर्टिकल अँड डीप व्हाइट मॅटर, लार्जेस्ट मेझरिंग ४ एमएम. नो डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन. नो ब्लूमिंग ऑन एसडब्ल्यूआय. नो अ‍ॅबनॉर्मल एन्हान्समेंट. इम्प्रेशन: नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर फोसाय; स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस / मायग्रेन-रिलेटेड / डिमायलिनेशन. सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन.’

हाच रिपोर्ट शेवटपर्यंत सोबत ठेवू. तुमचा रिपोर्ट शेजारी ठेवलात तर वाचायला सोपं जाईल.

आधी वरची ओळ बघा

सगळे थेट ‘इम्प्रेशन’वर जातात. तिकडे जाण्याआधी रिपोर्टच्या डोक्यावरची ‘क्लिनिकल हिस्टरी’ वाचा. बहुतेक वेळा तिथे एकच शब्द असतो: हेडेक. म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्याला तुमच्याबद्दल तेवढंच ठाऊक असतं. डोकेदुखी किती वर्षांची आहे, उलटी होते का, रक्तदाब किती आहे, सिगारेट ओढता का, कधी हातपाय बधिर झाले होते का, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नसतं. त्यामुळे अशा ठिपक्यांमागे असू शकणारी कारणं तो एका ओळीत लिहून ठेवतो. ती यादी या चित्राला लागू पडू शकणाऱ्या कारणांची असते. त्यातलं तुम्हाला काय आहे, याचा निर्णय तिथे झालेला नसतो. कारणं लिहिलेल्या क्रमालाही फारसा अर्थ देऊ नका.

ठिपका म्हणजे नेमकं काय

मेंदूच्या बाहेरच्या थरात पेशी असतात. त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या तंतूंचे जुडगे आत असतात. या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं आणि त्यामुळे तो भाग पांढरट दिसतो, म्हणून त्याला व्हाइट मॅटर म्हणतात. एमआरआयमध्ये फ्लेअर नावाची एक प्रतिमा असते. तिच्यात मेंदूभोवतीचं आणि पोकळ्यांतलं मोकळं पाणी मुद्दाम काळं केलेलं असतं. त्यामुळे मेंदूच्या आत एखाद्या जागी नेहमीपेक्षा जास्त पाणी मुरलं असेल, तर ती जागा उजळून दिसते. ‘हायपरइंटेन्स फोसाय’ म्हणजे आजूबाजूपेक्षा उजळ ठिपके, बस.

फ्लेअरवर दिसतो तो पाण्याचा अंश. तो का वाढला हे फ्लेअर सांगत नाही. बारीक रक्तवाहिनीच्या भिंती जाड होऊन त्या जागेला वर्षानुवर्षं थोडा कमी पुरवठा झाला, मायलिनला कधीतरी सूज येऊन गेली किंवा नुसतं वय वाढलं, तरी तिन्ही ठिकाणी चार मिलिमीटरचा ठिपका सारखाच दिसतो. ‘नॉन-स्पेसिफिक’ या शब्दाचा अर्थ एवढाच. ‘काहीतरी आहे, पण सांगत नाहीत’ असं त्यातून काढू नका.

असे ठिपके कितीजणांना असतात, याची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये ६० ते ९० वयाच्या १०७७ लोकांचे एमआरआय तपासले होते. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हाइट मॅटरमध्ये एकही बदल नसलेले लोक निघाले फक्त ५ टक्के. चाळिशी-पन्नाशीत प्रमाण बरंच कमी असतं, पण दोन-चार बारीक ठिपके तेव्हाही सर्रास दिसतात.

मग ‘नो’ने सुरू होणाऱ्या ओळी वाचा

रिपोर्टमधला सर्वांत दिलासा देणारा भाग लोक वाचतच नाहीत, कारण तो नकारार्थी वाक्यांत असतो.

‘नो डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन’ म्हणजे गेल्या काही दिवसांत मेंदूच्या कुठल्याही भागाचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण नाही. ताजा पक्षाघात असता तर तो डिफ्यूजनच्या प्रतिमेवर ठळक दिसला असता. ‘इस्केमिक’ शब्दाने घाबरलेल्या माणसाने ही ओळ दोनदा वाचावी. ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ हे बारीक वाहिन्यांच्या संथ झिजेला दिलेलं नाव आहे. अचानक येणारा झटका वेगळा.

‘नो ब्लूमिंग ऑन एसडब्ल्यूआय’ म्हणजे जुन्या बारीक रक्तस्रावाचे डाग नाहीत. आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिलं असेल तर ‘नो अ‍ॅबनॉर्मल एन्हान्समेंट’ म्हणजे कुठे चालू सूज किंवा गाठीसारखं काही उजळलं नाही. कॉन्ट्रास्ट दिलाच नसेल तर ही ओळ नसेल. डोकेदुखीसाठीच्या तपासणीत तो प्रत्येकाला लागत नाही, त्यामुळे ती नाही म्हणून काळजी करू नका.

‘मास इफेक्ट’ म्हणजे गाठीसारख्या कशाचा दाब नाही, ‘व्हेंट्रिकल्स’ म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या सामान्य आहेत, हेही इथेच सापडेल. डॉक्टरांनी ज्या भीतीपोटी एमआरआय सांगितलेला असतो, म्हणजे गाठ, रक्तस्राव, पाणी साठणं, त्या प्रश्नांची उत्तरं याच ओळींत असतात.

ठिपके कुठे आहेत, ही खरी माहिती

मला विचाराल तर संपूर्ण परिच्छेदात सर्वांत मोलाचा तपशील जागेचा असतो. आकड्यापेक्षाही.

आपल्या उदाहरणात शब्द आहेत ‘फ्रंटल’, ‘सबकॉर्टिकल’ आणि ‘डीप’. म्हणजे कपाळामागच्या भागात, बाहेरच्या थराच्या खाली थोडं अंतर ठेवून आणि त्याहून आत. सुटे सुटे, दोन्ही बाजूंना. मायग्रेन असलेल्यांत, थोडाफार रक्तदाब असलेल्यांत आणि काहीही नसलेल्या निरोगी माणसांतही ठिपके नेमके इथेच सापडतात.

मल्टिपल स्क्लेरॉसिसचे ठिपके वेगळ्या जागा धरतात. मेंदूच्या मधल्या पाण्याच्या पोकळ्यांना अगदी चिकटून, त्यांच्या काटकोनात उभे, अंडाकृती. बाहेरच्या थराला स्पर्श करून. याला ‘जक्स्टाकॉर्टिकल’ म्हणतात. दोन गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझममध्ये. मेंदूच्या देठात आणि छोट्या मेंदूत, ज्याला रिपोर्टमध्ये ‘इन्फ्राटेन्टोरियल’ म्हटलेलं असतं. शिवाय मज्जारज्जूत. ‘सबकॉर्टिकल’ आणि ‘जक्स्टाकॉर्टिकल’ हे शब्द घाईत सारखे वाटतात. फरक एवढाच की पहिल्यात थराखाली फट आहे आणि दुसऱ्यात ठिपका थराला टेकलेला आहे. पण अर्थाच्या दृष्टीने तो फरक मोठा आहे, आणि काही वेळा आम्हा लिहिणाऱ्यांकडूनही हे शब्द सैलपणे वापरले जातात. शंका असेल तर न्यूरॉलॉजिस्टना प्रतिमाच दाखवा आणि ठिपका थराला टेकलाय का, असं थेट विचारा.

निदानाचे निकषही याच जागांवर उभे आहेत. मॅकडॉनल्ड निकषांच्या २०१७ च्या आवृत्तीत चार जागा धरल्या होत्या: पोकळ्यांलगत, बाहेरच्या थरात किंवा त्याला टेकून, इन्फ्राटेन्टोरियल आणि मज्जारज्जू. यांपैकी किमान दोन ठिकाणी खुणा लागत. आणि मुख्य म्हणजे, हे निकष त्या आजाराची लक्षणं असलेल्या माणसासाठी बनवले आहेत. म्हणजे एका डोळ्याची नजर दुखऱ्या डोळ्यासह काही दिवस मंदावणं, किंवा एखाद्या अवयवाचा बधिरपणा वा अशक्तपणा २४ तासांहून जास्त टिकणं. नुसती डोकेदुखी आणि फ्रंटल सबकॉर्टिकल ठिपके एवढ्यावर हे निकष लावायचे नसतात. मायग्रेनच्या रुग्णावर मल्टिपल स्क्लेरॉसिसचा शिक्का चुकून बसतो तो बहुधा इथेच.

आणखी एक नाव जागेवरून लक्षात येतं, ते दुर्मीळ आहे पण माहीत असावं: कॅडासिल. हा बारीक वाहिन्यांचा आनुवंशिक आजार. कानशिलामागच्या टेंपोरल भागाच्या टोकाला ठिपके, ऑरासह म्हणजे आधी नागमोडी उजेड दिसण्यासारख्या खुणा होऊन येणारं मायग्रेन आणि घरात पन्नाशीच्या आगेमागे पक्षाघात झालेली माणसं, हे तिन्ही जुळलं तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. यांतलं एकही नसेल तर विसरून जा.

संख्या आणि फॅझेकास

‘फ्यू’, ‘टायनी’, ‘डिस्क्रीट’ हे शब्द सौम्य बाजूचे. ‘कॉन्फ्लुअंट’ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळून पट्टे झालेत, आणि तो शब्द गंभीरपणे घ्यायचा.

काही रिपोर्टांत ‘फॅझेकास ग्रेड’ असतो. १९८७ पासून वापरात असलेली ही मोजपट्टी शून्य ते तीन अशी आहे. खोल व्हाइट मॅटरसाठी ग्रेड १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे मिसळू लागलेले, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. हा कर्करोगासारखा ‘स्टेज’ नाही. एकनंतर दोन येणारच, असा त्याचा अर्थ नाही. आपल्या उदाहरणातल्या बाई ग्रेड १ मध्ये बसतात. चाळिशीत ग्रेड २ किंवा ३ दिसला तर मात्र कारण शोधल्याशिवाय थांबू नये.

आता डोकेदुखीकडे

या ठिपक्यांमुळे डोकं दुखतंय का? नाही. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते मेंदूवरच्या आवरणांना, रक्तवाहिन्यांना, मानेच्या आणि डोक्याच्या स्नायूंना. चार मिलिमीटरचा जुना ठिपका दुखूच शकत नाही. उलट दिशेचा संबंध मात्र आहे: मायग्रेन असलेल्यांत असे ठिपके जास्त आढळतात.

नेदरलँड्समध्येच मायग्रेन असलेल्या आणि नसलेल्या लोकांचे एमआरआय नऊ वर्षांच्या अंतराने पुन्हा काढले गेले. निष्कर्ष २०१२ मध्ये आले. मायग्रेन असलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांत खोल ठिपके वाढले होते, नसलेल्यांत ६० टक्क्यांत. म्हणजे मायग्रेन नसलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांतही ते वाढलेच होते. आणि ठिपके वाढल्याचा स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती घसरण्याशी संबंध सापडला नाही. ‘मला विस्मरण होणार का’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

म्हणून ‘क्लिनिकल कोरिलेशन’ हे शब्द पळवाट वाटत असले तरी उरलेलं सगळं काम तिथेच आहे: चित्र आणि माणूस एकत्र ठेवून बघणं. त्यासाठी डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या.

पहिली, डोकेदुखीचा इतिहास. किती वर्षं, एका बाजूला की सगळीकडे, ठोके पडतात का, मळमळ, उजेडाचा त्रास, दुखण्याआधी नागमोडी प्रकाशरेषा किंवा अंधारी दिसते का.

दुसरी, महिन्यातले गोळीचे दिवस. कॅलेंडरवर खुणा करून मोजा, अंदाजे सांगू नका. साधी वेदनाशामकं महिन्याला १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान ही मायग्रेनची औषधं किंवा मिश्र वेदनाशामकं १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ चालली की गोळ्यांमुळेच डोकेदुखी रोजची होऊ शकते. एमआरआयवर हे कधीच दिसत नाही.

तिसरी, घरी मोजलेला रक्तदाब. सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, पाच मिनिटं शांत बसून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी काढा. १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तो वाढलेला समजतात. ठिपक्यांच्या बाबतीत आपल्या हातात असलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत वरचा दाब १४० खाली ठेवलेल्यांपेक्षा १२० खाली ठेवलेल्यांत सुमारे चार वर्षांत ठिपके कमी वाढले. फरक छोटा होता आणि ती माणसं पन्नाशीच्या पुढची, उच्च रक्तदाब असलेली होती, पण दिशा स्पष्ट आहे.

उदाहरणातल्या बाईंचं काय निघालं असतं

समजा त्यांच्या कागदावर हे होतं: एकोणिसाव्या वर्षापासून महिन्यातून दोनदा एका बाजूला ठोके पडणारी डोकेदुखी, मळमळ, त्याआधी वीसेक मिनिटं नागमोडी उजेड. गेलं वर्षभर जवळजवळ रोज बोथट दुखणं. मिश्र वेदनाशामक महिन्याला २० दिवस. घरचा रक्तदाब सरासरी १४६/९२. बधिरपणा किंवा नजर जाणं कधीच नाही. न्यूरॉलॉजिस्टची तपासणी सामान्य.

आता इम्प्रेशनमधली यादी परत वाचू. डिमायलिनेशन: जागा जुळत नाही, लक्षणं नाहीत, तपासणी सामान्य, बाजूला. मायग्रेन: ऑरासह, २७ वर्षांचं, जागाही जुळते. स्मॉल व्हेसल: रक्तदाब वाढलेला आहे, तेव्हा हेही थोडं खरं असू शकतं. दोन्ही एकत्र असायला काहीच हरकत नाही. आणि रोजच्या दुखण्याचं खरं कारण रिपोर्टमध्ये नाहीच. ते २० दिवसांच्या गोळ्यांत आहे.

पुढचं कामही यातून ठरतं. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवायच्या. पहिले काही दिवस, बहुधा २ ते १०, दुखणं वाढतं हे आधी माहीत असलं म्हणजे माणूस मधेच परत गोळीकडे वळत नाही. रक्तदाबावर उपचार. प्रोप्रानोलॉल किंवा कँडेसार्टनसारखं औषध मायग्रेन आणि रक्तदाब दोन्हींवर चालतं, त्यामुळे डॉक्टर त्यातलं एखादं निवडू शकतात. साखर आणि कोलेस्टेरॉल बघायचं, गरजेनुसार बी१२ आणि थायरॉईडही. बाई ऑरासह मायग्रेन असताना इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेत असतील किंवा सिगारेट ओढत असतील, तर ते लपवू नये. पक्षाघाताचा धोका वाढवणारी ही जोडी ठिपक्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

आणि ठिपके दिसले म्हणून अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. लक्षणं नसलेल्या नुसत्या ठिपक्यांसाठी ते दिलं जात नाही, आणि रक्तस्रावाचा धोका मात्र घ्यावा लागतो.

रिपोर्ट बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा, अशा वेळा

ठिपके किरकोळ निघाले म्हणून पुढची प्रत्येक डोकेदुखी किरकोळ ठरत नाही. एका मिनिटात शिगेला पोहोचणारी भीषण डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, बोलणं अडखळणं, तोंड किंवा हातपाय एका बाजूला लुळे पडणं, फिट येणं, यांत थांबू नका. पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली डोकेदुखी, त्यात केस विंचरताना टाळू दुखणं किंवा चावताना जबडा दुखणं, हीसुद्धा तातडीची बाब आहे. कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते. एमआरआय साधा दिसला तरी डोळा जाऊ शकतो. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या त्याच दिवशी व्हायला हव्यात.

पुन्हा एमआरआय काढायचा का

आपल्या उदाहरणात, सहसा नाही. नवीन लक्षण आलं, ठिपके संशयास्पद जागी असले किंवा डॉक्टरांना शंका राहिली, तर काही महिन्यांनी तुलना करतात. तेव्हा एक चूक टाळा. पहिला एमआरआय १.५ टेस्ला मशीनवर, पाच मिलिमीटरच्या कापांचा असेल आणि दुसरा ३ टेस्लावर एक मिलिमीटरच्या कापांचा, तर दुसऱ्यात ठिपके जास्त दिसतीलच. वाढले म्हणून नव्हे, बारीक दिसू लागले म्हणून. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने काढून घ्या. पहिल्या तपासणीची सीडी किंवा डिजिटल प्रतिमा जपून ठेवा आणि दुसऱ्या वेळी अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की जुन्या प्रतिमा सोबत आहेत, तुलना करून लिहा. नुसता जुना रिपोर्ट दिलात तर मला शब्दांशी तुलना करावी लागते. प्रतिमा दिल्यात तर ठिपक्याची ठिपक्याशी करता येते.